दुपारी उतरणारा पीएच

"मॅडम, हे पाणी दुपारचं उतरते. रातच्याला आपोआप चढते. किती सालापासून पाहून राहिलो मी."

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात मी केमिस्ट होते तेव्हाचं हे वाक्य. बोलणारे ऑपरेटर निवृत्तीला टेकलेले होते, सगळे त्यांना भाऊच म्हणत. मे महिना, बाहेर लू, आणि सॅम्पल रूममध्ये भिंतभर पॅनेल. बॉयलरच्या निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या स्टीलच्या बारीक नळ्या, प्रत्येकीच्या टोकाशी पाण्याची सारखी धार, खाली सिंक, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा अमोनियाचा डोळ्यांना झोंबणारा वास. भाऊंचं बोलणं ऐकून शेजारी उभा असलेला नवा इंजिनिअर हसला. "भाऊ, पाण्याला काय घड्याळ असतं का?" भाऊ काही बोलले नाहीत. लॉगबुक उघडून मागची पानं दाखवू लागले. सकाळी सहाला ९.१, दुपारी दोनला ८.६, रात्री अकराला पुन्हा ९.१. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्याही पानावर तेच. मला त्या हसण्याचा राग आला होता, आणि आजही भाऊंची आठवण निघाली की आधी ते हसणंच आठवतं. कारण त्या पानांमध्ये पाण्याच्या रसायनशास्त्रातली एक फार मूलभूत गोष्ट शाईने लिहून ठेवलेली होती, आणि तिथल्या पदवीधरांपैकी कुणी ती वाचत नव्हतं.

बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यात, म्हणजे फीड वॉटरमध्ये, अमोनिया घालतात, तो पाणी किंचित अल्कधर्मी राहावं म्हणून. पाणी तसं राहिलं की लोखंडावरचा काळा, घट्ट ऑक्साइडचा थर टिकतो आणि नळ्या गंजत नाहीत. पण वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या आमच्या कंडेन्सरच्या नळ्या पितळी होत्या, आणि जास्त अमोनिया पितळाला खातो. त्यामुळे मर्यादा दोन्ही बाजूंनी होती, ८.८ ते ९.२. इतक्या अरुंद पट्ट्यात चालायचं म्हटल्यावर दुपारचे ८.६ म्हणजे अलार्म, आणि अलार्म म्हणजे अमोनिया सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा स्ट्रोक वाढवायचा. तो वाढवला की पीएच हळूहळू ९.१ वर येई आणि सगळे निर्धास्त होत. रात्री मात्र लॉगबुकात ९.५, ९.६ दिसू लागे. मग स्ट्रोक कमी. हा झोका उन्हाळाभर चाले. भाऊंच्या पानांवरचे ते सुबक आकडे कुणी पंपाला हात न लावलेल्या दिवसांचे होते. हात लावलेल्या दिवसांची पानं फार वाईट दिसत.

मूळ कारण पॅनेलच्या मागे होतं. बॉयलरकडून येणारं सॅम्पल कुलरमधून गार करून घेतात, आणि शेवटी चिलरच्या थंड पाण्याने २५ अंशांपर्यंत आणतात. त्या वर्षी चिलर अर्धा वेळ बंद असायचा. मग गार करायला उरायचं ते साधं कूलिंग वॉटर, आणि मे महिन्याच्या दुपारी तेच कोमट. नळीतली धार हातावर घेतली तर अंघोळीच्या पाण्यासारखी लागायची. थर्मामीटर धरला तर ४२ अंश. रात्री हवा उतरायची, चिलरही बहुधा तेव्हाच साथ द्यायचा, आणि धार २५-२६ वर यायची. लॉगबुकात पीएचचा रकाना होता, पाणी वीज किती वाहून नेतं त्या कंडक्टिव्हिटीचा होता, सही होती. सॅम्पलच्या तापमानाचा रकाना नव्हता.

आपण सगळे शाळेत सात हा आकडा पाठ करून आलो. पीएच पेपरच्या डबीवर मधोमध हिरवा रंग, त्याखाली ७. डावीकडे लाल, उजवीकडे निळा. माझ्या मनात तर सात म्हणजे सीमेवर रोवलेला दगड होता, अलीकडे आम्ल, पलीकडे अल्क. पुस्तकात "२५ अंश सेल्सिअसला" हे शब्द असत, पण ते इतक्या बारीक अक्षरांत की वार्षिक परीक्षेपर्यंत कुणाच्या लक्षात राहात नसत. गंमत म्हणजे ज्याने ही मोजपट्टी काढली त्याच्या कागदावर उदासीन पाणी सातचं नव्हतंच. सोरेन्सन हा डॅनिश रसायनशास्त्रज्ञ, कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतला, म्हणजे बिअरच्या कारखान्याने उभारलेल्या प्रयोगशाळेतला. विकरांवर काम करताना त्याला हायड्रोजन आयनांचं प्रमाण सारखं लिहावं लागे, म्हणून १९०९ साली त्याने ही सुटसुटीत रीत काढली. त्याची मोजमापं १८ अंशांवर होती, आणि त्या तापमानाला त्याला उदासीन बिंदू मिळाला ७.०७. पुढे जगाने २५ अंश हे प्रमाण तापमान धरलं, तिथे तो बिंदू ७.०० च्या इतका जवळ आला की आकडा गोल होऊन बसला. सात हा गोल आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो २५ अंशांनी दिलेला आहे.

शुद्ध पाण्यात पाण्याचे रेणू अधूनमधून फुटतात. एक हायड्रोजन आयन सुटतो, एक हायड्रॉक्साइड मागे राहतो, आणि ते लगेच कुणा ना कुणाशी पुन्हा जुळतात. २५ अंशांना लिटरभर पाण्यात हायड्रोजन आयन असतात एका मोलचा एक कोटीवा भाग, तितकेच हायड्रॉक्साइड. पाण्याचे मोल लिटरमागे साडेपंचावन्न, म्हणजे सुमारे साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक फुटलेला. एखादा रेणू धरून त्याच्याकडेच पाहात बसलं तर तो फुटायला सरासरी दहा-अकरा तास लागतात. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा विचित्र वाटला होता, कारण रसायनशास्त्रात सगळं क्षणार्धात होतं असं डोक्यात बसलेलं, आणि इथे माणसाच्या झोपेच्या मापाचा वेळ. या दोन आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार म्हणजे पाण्याचा आयनिक गुणाकार:

Kw = [H⁺][OH⁻]

२५ अंशांना तो १०⁻¹⁴. आणि दोन्ही सारखे असतील तर प्रत्येकी १०⁻⁷. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या या घातांकातला उणे सोडून उरलेला आकडा, त्यामुळे आयन वाढले की पीएच उतरतो. सात आला तो इथून. उदासीन म्हणजे पीएच सात, ही व्याख्या नाहीच. उदासीन म्हणजे दोन्ही आयन समसमान, आणि ते कितीही असोत.

मग पाणी तापलं की काय होतं? हे समजायला मला पुस्तकापेक्षा अकरावीचा एक प्रयोग जास्त कामी आला. थर्मोकोलच्या पेल्यात एक मोलरचं ५० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, त्यात तितकाच कॉस्टिक सोडा ओतायचा आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं. पारा जवळजवळ सात अंश चढतो. हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक घ्या, सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश घ्या, चढ तितकाच. कारण आम्ल कुठलंही असो, अल्क कुठलंही असो, आत घडतं ते एकच, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड जुळून पाणी होतं. प्रत्येक मोल पाण्यामागे सुमारे ५६-५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आता हेच उलट वाचायचं. जुळताना उष्णता देणारं पाणी फुटताना तितकीच उष्णता मागणार. म्हणून आपण पाण्याला उष्णता पुरवली की फुटण्याची बाजू बळावते. खोलीच्या तापमानाच्या आसपास दर अंशामागे आयनिक गुणाकार साडेसात टक्क्यांच्या घरात वाढतो. दिसायला थोडं, पण चक्रवाढ व्याजासारखं साचत जातं. ४२ अंशांपर्यंत तो तिपटीहून जास्त झालेला असतो, ६० अंशांना जवळजवळ दहापट. शून्य अंशाला, बर्फाच्या काठावर, तो २५ अंशांच्या नवव्या भागाइतकाच असतो.

उदासीन बिंदूही त्याबरोबर सरकतो. गुणाकार दहापट झाला तर दोन समान भागांपैकी प्रत्येक भाग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे तिपटीने वाढतो, आणि पीएच अर्ध्याने उतरतो. शून्य अंशाला शुद्ध पाण्याचा पीएच साधारण ७.५, २५ ला ७, ६० ला ६.५, आणि उकळत्या पाण्याचा ६.१ च्या आसपास. उकळत्या शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन कोमट पाण्याच्या कितीतरी पट असतात, पण हायड्रॉक्साइडही तितकेच असतात, आणि म्हणून ते आम्लधर्मी नसतं. बारावीच्या मुलांना हा प्रश्न हमखास चकवतो: "६० अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच ६.५ आहे, तर ते पाणी कसं?" आणि हुशार मुलंही आम्लधर्मीवर खूण करतात, कारण पीएच पेपरची ती डबी डोक्यातून जात नाही.

इथवर पुस्तकी झालं. भाऊंच्या लॉगबुकात शुद्ध पाणी नव्हतं, अमोनिया घातलेलं पाणी होतं, आणि त्याचा उतार ६० अंशांच्या शुद्ध पाण्याइतका मोठा होता, तोही फक्त ४२ अंशांना. हे का?

याचं उत्तर मी त्या वेळी एका पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं होतं. तीन पेले घ्या. एकात अगदी पातळ आम्ल, पीएच ३. दुसऱ्यात शुद्ध पाणी. तिसऱ्यात पातळ कॉस्टिक सोडा, पीएच ११. तिन्ही २५ वरून ६० अंशांवर न्या. आम्लाचा पीएच ३ च राहतो, कारण तिथले हायड्रोजन आयन आम्लाने आणलेले आहेत, पाणी फुटून मिळणारे त्यापुढे हिशेबातही नाहीत. शुद्ध पाण्याचा पीएच अर्ध्याने उतरतो, कारण वाढ दोघांत वाटली जाते. आणि सोड्याचा पीएच पूर्ण एकाने उतरून १० च्या आसपास येतो. तिथे हायड्रॉक्साइड सोड्याने पक्के ठरवून दिलेले, ते हलत नाहीत. गुणाकार दहापट झाला तर ती सगळी वाढ एकट्या हायड्रोजन आयनांना सोसावी लागते. म्हणजे अल्काच्या बाजूला उभं असलेलं पाणी तापमानाने दुप्पट घसरतं आणि आम्लाच्या बाजूचं जागचं हलत नाही. अमोनिया हा सोड्यासारखा तीव्र नाही, पण त्याचा फुटण्याचा कल या तापमानांमध्ये फारसा बदलत नाही, त्यामुळे तोही जवळपास सोड्यासारखाच वागतो. २५ ते ४२ अंश या टप्प्यात गुणाकाराच्या घातांकात अर्ध्याचा फरक पडतो. ९.१ मधून अर्धा वजा करा. ८.६. भाऊंच्या लॉगबुकातला दुपारी दोनचा आकडा.

मला आठवतं, तो कागद मी नव्या इंजिनिअरला दाखवला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. "पण मॅडम, मीटरला टेम्परेचर कॉम्पेन्सेशन आहे ना?" आहे. आणि सगळा घोटाळा याच शब्दांपाशी होतो. काचेचा इलेक्ट्रोड पीएच थेट सांगत नाही, तो मिलिव्होल्ट देतो. २५ अंशांना पीएचच्या एका एककामागे ५९.२ मिलिव्होल्ट, ४२ अंशांना ६२.५. मीटरमधलं कॉम्पेन्सेशन इलेक्ट्रोडचा हा उतार दुरुस्त करतं, बस. आमच्या त्या पाण्यात ही दुरुस्ती जेमतेम ०.१ ची. उरलेला अर्धा एकक मीटरच्या चुकीचा नव्हताच. मीटर ४२ अंशांच्या पाण्याचा खरा पीएच दाखवत होता, आणि आम्ही तो २५ अंशांसाठी लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहात होतो. पुढे जे नवे अ‍ॅनालायझर आले त्यांत दुसऱ्या प्रकारचं कॉम्पेन्सेशन वेगळं द्यावं लागतं, पाण्याचा स्वतःचा उतार. अमोनियाच्या पाण्याला दर अंशाला सुमारे ०.०३, शुद्ध पाण्याला त्याच्या निम्मा. ते मेनूत आत कुठेतरी असतं, आणि बरेचदा शून्यावर ठेवलेलं सापडतं.

मीटर जुळवायला ठरलेल्या पीएचचं जे द्रावण वापरतात, त्या बफरच्या बाटलीने तरी आम्हाला सावध करायला हवं होतं. ९.२ च्या बोरॅक्स बफरच्या लेबलवर तापमानाचं कोष्टक छापलेलं असतं. शून्याला ९.४६, २५ ला ९.१८, ५० ला ९.०१. रोज सकाळी त्याच बाटलीवर मीटर लावायचा आणि ते कोष्टक डिझाइनचा भाग असल्यासारखं नजरेआड करायचं, हे आमच्या प्रयोगशाळेत सर्रास चाले.

आता त्या चढवलेल्या डोसिंगचं काय होत होतं ते पाहू, कारण खरं नुकसान तिथे आहे. २५ अंशांना ९.१ पीएच ठेवायला लिटरमागे अमोनिया लागतो ०.४ मिलिग्रॅमहूनही थोडा कमी. दुपारच्या कढत सॅम्पलवर मीटरमध्ये ९.१ दिसेपर्यंत पंप चालवला, तर त्या पाण्याचा २५ अंशांचा पीएच ९.६ झालेला असतो, आणि त्याला अमोनिया लागतो २.२ मिलिग्रॅम. अर्ध्या एककासाठी सहापट. पीएचची मोजपट्टी घातांकाची, त्यात अमोनिया सौम्य, पूर्ण न फुटणारा, त्यामुळे वर जावं तसा तो अधिकच मागतो. हा सहापट अमोनिया वाफेबरोबर टर्बाइनमधून कंडेन्सरमध्ये येतो, आणि जिथून हवा ओढून घेतात त्या कोपऱ्यात साठतो. तिथे थोडा ऑक्सिजनही असतो. अमोनिया आणि ऑक्सिजन एकत्र आले की पितळातलं तांबं विरघळू लागतं. आधाराच्या प्लेटजवळ नळीवर कातल्यासारखे चरे पडतात, ताण असलेल्या जागी तडे जातात. फीड वॉटरमध्ये तांब्याचे आकडे वाढलेले दिसतात, आणि मीटिंगमध्ये लोक विचारतात की पीएच तर रोज मर्यादेत आहे, मग तांबं येतं कुठून.

पण पाणी खरंच उतरलं आहे की फक्त तापलं आहे, हे ओळखायची सोपी वाट त्याच पॅनेलवर होती, शेजारच्याच रकान्यात. अमोनियाच्या स्वच्छ पाण्यात पीएच आणि कंडक्टिव्हिटी एकमेकींना बांधलेल्या असतात, कारण वीज वाहून नेणारं तिथे अमोनियम आणि हायड्रॉक्साइडशिवाय कुणी नसतं. २५ अंशांवर आणलेल्या आकड्यांत ९.१ ला कंडक्टिव्हिटी साडेतीन मायक्रोसीमेन्सच्या आसपास. ८.६ खराच झाला असता तर ती एकवर आली असती. आम्ही जुन्या पानांवर बोट फिरवत गेलो. दुपारी दोनला पीएच ८.६, कंडक्टिव्हिटी साडेतीन. पहाटे ९.१, तरी साडेतीन. आणि ज्या दिवशी पंप चढवला होता त्या दिवशी दुपारी पीएच ९.१, कंडक्टिव्हिटी अकराच्या जवळ. इतकी वर्षं तो रकाना खरं सांगत होता. कंडक्टिव्हिटीचा मीटर २५ अंशांना धरून आकडा देई, पीएचचा देत नसे, आणि दोन्ही आकडे एकाच ओळीत एकाच शाईने लिहिलेले. पाहणाऱ्याला शंका यायला वाव कुठून असणार.

खात्रीसाठी एक सॅम्पल गार करूनही पाहिलं. हे वाटतं तितकं सोपं नसतं. उघड्या बीकरमध्ये घेऊन थंड होत ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, अमोनिया थोडा उडतो, आणि दोन्हींमुळे पीएच खरोखरच उतरतो. म्हणजे तपासायला गेलो तर चुकीचंच सिद्ध व्हायचं. म्हणून फ्लास्क काठोकाठ भरून, बूच लावून, बर्फाच्या बादलीत धरून २५ ला आणला, आणि इलेक्ट्रोड बसवून घाईने वाचला. ९.१. भाऊ शेजारीच उभे होते. "म्हंजे पाणी उतरत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा पडला. इतक्या वर्षांचं निरीक्षण एका बादलीत गेल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

मला त्या वेळी चटकन "हो, पाणी तेच आहे" म्हणता आलं नाही, आणि आजही येत नाही. कारण पाणी उतरतच होतं. ४२ अंशांच्या त्या धारेत हायड्रोजन आयन खरंच तिप्पट होते, हा काही मीटरचा भास नव्हता. उदासीन बिंदूही सरकून ६.७४ वर आलेला होता, त्यामुळे ८.६ हे अजूनही चांगलंच अल्कधर्मी होतं, पण उदासीन बिंदूपासूनचं त्याचं अंतर २.१ वरून १.८६ वर आलेलं होतं. बदललं नव्हतं ते एकच, पाण्यात घातलेला अमोनिया. आणि आम्हाला डोस ठरवायचा होता, म्हणून आमच्यासाठी तेच महत्त्वाचं. भाऊंना मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लॉगबुकात उभी रेघ मारून तापमानाचा रकाना आखला, पट्टी न लावता, त्यामुळे तो खाली जाता जाता रुंद होत गेला.

खुद्द बॉयलरच्या आत काय चालतं हा वेगळाच प्रांत. तिथे पाणी दाबाखाली तीनशे अंशांच्या पुढे असतं. गुणाकार तापमानाबरोबर वाढत जातो तो सुमारे अडीचशे अंशांपर्यंत, त्या टोकाला उदासीन बिंदू साडेपाचच्या जरा वर असतो. त्यापुढे तो पुन्हा मागे फिरतो. इतकं गरम पाणी विरळ होतं, आणि आयनांभोवती घोळका करून त्यांना सांभाळून धरण्याची त्याची ताकद कमी होते, म्हणून फुटणं पुन्हा महाग पडू लागतं. त्या तापमानात इलेक्ट्रोड बुडवून रोज पीएच वाचणं शक्य नसतं. म्हणूनच जगभर रिवाज पडला की सगळं २५ अंशांवर आणून बोलायचं. हा सोयीचा करार आहे. तो माहीत असला की चालतं.

खूप नंतर, एका भूलतज्ज्ञ मैत्रिणीशी बोलताना हेच सगळं दुसऱ्या वेशात भेटलं. माणसाच्या रक्ताचा पीएच ७.४. आपण म्हणतो सातपेक्षा ०.४ वर, किंचित अल्कधर्मी. पण आपण ३७ अंशांचे आहोत आणि ३७ ला उदासीन बिंदू ६.८ आहे, म्हणजे रक्त ०.६ वर आहे. मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे यावरून वर्षानुवर्षं वाद झालेत." हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत शरीर मुद्दाम गार करतात, २८ अंशांपर्यंत किंवा त्याहून खाली. बंद सिरिंजमधलं रक्त नुसतं गार केलं तरी त्याचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०१५ ने चढतो, म्हणजे ३७ वर ७.४ असलेलं रक्त २७ ला ७.५५ च्या आसपास. पाण्याचा उदासीन बिंदू ज्या वेगाने सरकतो त्याच्या अगदी जवळचा हा वेग. बेडूक, कासव अशा थंड रक्ताच्या प्राण्यांमध्येही शरीराच्या तापमानाबरोबर रक्ताचा पीएच बराचसा असाच सरकतो. तो एका आकड्यावर धरून ठेवण्यापेक्षा उदासीन बिंदूपासूनचं अंतर राखलं जातं.

मग गार केलेल्या माणसाचं काय करायचं? रक्ताचं सॅम्पल मशीनमध्ये गेलं की मशीन ते ३७ अंशांवर तापवून वाचतं, आमच्या २५ सारखंच. तो आकडा तसाच ७.४ ठेवायचा, आणि रक्ताला शरीरातल्या गारव्यात आपल्या मर्जीने चढू द्यायचं, ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे आकडा रुग्णाच्या तापमानावर दुरुस्त करायचा, आणि तिथे ७.४ दिसावा म्हणून शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळायचा. तो मिसळला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त जातं. मोठ्या माणसांत मध्यम गारव्याला बहुतेक ठिकाणी पहिली रीत पाळतात, कारण जास्तीच्या रक्ताबरोबर बारीक गुठळ्याही मेंदूत जाऊ शकतात. तान्ह्या बाळांच्या खूप गार केलेल्या शस्त्रक्रियांत दुसऱ्या रीतीकडे कल असतो, तिथे मेंदू सगळीकडून सारखा गार होणं जास्त मोलाचं ठरतं.

मी तिला विचारलं की रिपोर्टवर तापमान लिहिता का. ती जरा चमकलीच. मशीनला सॅम्पल दिलं की ते रुग्णाचं तापमान विचारतं, तिने सांगितलं, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापतं, ३७ अंशांचा आणि दुरुस्त केलेला. घाईत कुणी तापमान भरलं नाही तर ते आपलं ३७ धरून चालतं आणि दोन्ही रकान्यांत एकच आकडा येतो. म्हणून गार रुग्णाच्या रिपोर्टवर दोन सारखे आकडे दिसले की ती पीएच वाचायच्या आधी फोन उचलते आणि सॅम्पल कुणी लावलं ते विचारते.